दहा तारखेला पगार नाही: १९८२च्या संपात एक घर कसं चाललं

१८ जानेवारी १९८२, सोमवार. त्या सकाळी मुंबईच्या साठेक कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार कामावर गेले नाहीत. हा संप दीड वर्षाहून अधिक चालला. तो मागे घेतल्याची घोषणा कुणीच कधी केली नाही, त्यामुळे ‘संप कधी संपला’ याला आजही तारीख नाही.

या संपावर बोलताना बहुतेक वेळा संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, गिरणीमालक आणि सरकार या तिघांबद्दलच बोललं जातं. मला मात्र नेहमी एक साधा प्रश्न पडतो. पगारावर जगणारं घर पगाराशिवाय दीड वर्षं चाललं कसं? कुणी दिलं, किती दिवस दिलं, आणि कुणाचं देणं कधी थांबलं? हे कळलं की संप इतका लांबला का आणि विरत का गेला, दोन्ही कळतं. त्यासाठी एक घर घेऊ. ते एकाच पत्त्यावरचं घर नाही. लालबाग-परळच्या अनेक खोल्यांत जे झालं तेच एका खोलीत मांडलंय, आणि घरखर्चाचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत.

खोली चाळीतली, दहा बाय बाराची. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला आणि तो मजल्यावरच्या सगळ्यांचा. बाबा साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे. साच्यांच्या आवाजात वीस वर्षं काढल्यामुळे ते घरीही मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकत. थोरला मुलगा रिंगखात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, बदली. मुलगी दहावीला, धाकटा पाचवीत. बाबांचा धाकटा भाऊ, मुलांचा काका, दुसऱ्या गिरणीत. तो गावकीच्या खोलीत राहायचा, म्हणजे गावच्या मंडळाने धरलेल्या खोलीत, जिथे वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपत. जेवायला मात्र तो वहिनीकडे. त्याच्याबरोबर गावचे आणखी चौघे महिन्याचे पैसे देऊन जेवायला येत. गिरणगावात अशा घरगुती खानावळी हजारो होत्या आणि त्या बायका चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. सावकाराकडे न जाता त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, हा त्यामागचा हेतू. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे आजी आणि थोडीशी भातशेती.

या घरात पैसा तीन वाटांनी यायचा: बाबांचा पगार, थोरल्याचे बदलीचे दिवस आणि आईची खानावळ. तीन वाटा दिसतात, पण झरा एकच. खानावळीत जेवणारेही गिरणीतलेच.

बदली म्हणजे काय

थोरल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण संपाची मुळं तिथे आहेत.

बदली कामगार रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर हजर राहायचा. पहिली पाळी सकाळी सातची. भोंगा झाला, कायम कामगारांपैकी जितके आले नाहीत तितक्या बदल्यांना आत घेतलं. उरलेले परत घरी. आत गेला तर दिवसाचा पगार, नाही गेला तर काही नाही. महिन्यात कधी वीस दिवस भरायचे, कधी आठ. काम कायम कामगाराइतकंच, साचा तोच, धूळही तीच. पण गिरणीच्या लेखी तो ‘आज आला म्हणून घेतला’ असा माणूस. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेले, बदलीतच लग्न होऊन पोरंबाळं झालेले लोक होते. सामंतांच्या मागण्यांत पगारवाढीच्या बरोबरीने बदल्यांना कायम करा ही मागणी होती. ज्या घरात बाप कायम आणि मुलगा बदली, तिथे ही मागणी सगळ्यात जवळची. पोराचं लग्न त्यावर अडलेलं असे.

दुसरं मूळ कायद्यात आहे. ते नीट समजून घेतलं नाही तर संप नुसता हट्ट वाटतो.

१९४६ सालचा मुंबई औद्योगिक संबंध कायदा असं सांगत होता की, एका भागातल्या एका उद्योगात कामगारांच्या वतीने मालकांशी बोलायचा हक्क एकाच संघटनेला. तिला ‘प्रातिनिधिक संघटना’ म्हणत. हा दर्जा मिळवायला कामगारांपैकी २५ टक्के सभासद दाखवले की पुरे. ते दाखवायचे वर्गणीच्या नोंदींवरून. गुप्त मतदान नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि तो संघ काँग्रेसच्या कामगार संघटनेशी, इंटकशी, जोडलेला. आता शंभरातले पंच्याहत्तर कामगार दुसऱ्याच संघटनेमागे असले तरी मालकाने त्या दुसऱ्या संघटनेशी बोलणं कायद्याने बंधनकारक नव्हतं. मान्य संघटनेला डावलून केलेला संपही बेकायदा ठरे. कामगार ज्याला आपला मानत होते तो कायद्याने परका, आणि कायद्याने जो त्यांचा प्रतिनिधी त्याच्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही, अशी ही गाठ होती.

१९८१च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. संघाने केलेला बोनसचा करार अनेकांना मान्य नव्हता. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार उठून घाटकोपरला सामंतांच्या घरी गेले आणि ‘आमचं नेतृत्व करा’ म्हणून बसून राहिले. सामंतांनी इंजिनीअरिंग कारखान्यांत मोठाल्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, ती ख्याती गिरणगावात पोहोचलेली होती. गिरणी कामगाराला तेव्हा महिन्याला साधारण साडेसहाशे-सातशे रुपये पडत, तेही महागाई भत्ता धरून. शेजारच्या इंजिनीअरिंग किंवा औषधाच्या कारखान्यातल्या माणसाचा पगार कितीतरी जास्त. एकेकाळी मुंबईतली मानाची नोकरी होती ती गिरणीची, हे बाबा पोरांना सांगत आणि पोरांना ते खरं वाटत नसे.

पहिला कोरा पगार

आता हिशोब. हजाराहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचा, असा तेव्हा कायदा होता. म्हणून गिरणगावाचं सगळं कॅलेंडर दहा तारखेभोवती फिरायचं. वाण्याचं देणं दहाला, खोलीचं भाडं दहाला, गावची मनीऑर्डर दहाला, खानावळीचे पैसे दहाला.

बाबांचा पगार सातशे धरू. प्रॉव्हिडंट फंड, विमा योजनेचा हप्ता, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता हे सगळं वळतं होऊन हातात साडेपाचशे. त्यातले अडीचशे वाण्याला, दीडशे गावी. उरलेल्या दीडशेत भाडं, रॉकेल, शाळा, औषध आणि बाबांची विडी. थोरल्याचे दिवस भरले तर कपडेलत्ते. आईची खानावळ चूल चालती ठेवायची. पाच जेवणाऱ्यांच्या पैशात घरच्यांचं जेवण बरंचसं निघून जाई, आणि तिच्या कामाचा मोबदला म्हणाल तर तेवढाच.

संप १८ जानेवारीला सुरू झाला, म्हणून १० फेब्रुवारीला सतरा दिवसांचा पगार घेणं होतं. ओढाताण झाली, पण घर हललं नाही. बाबांनी १९७४चा संप पाहिलेला होता, तो बेचाळीस दिवसांत मिटला होता. फार तर दोन महिने, असाच सगळ्यांचा अंदाज. पहिला खरा कोरा पगार १० मार्चचा. त्या वर्षी होळी ९ मार्चला आली. कोकणातल्या माणसाला शिमग्याला गावी जायलाच हवं. एरवी पगाराआधी निघता येत नाही म्हणून तो चडफडतो. त्या वर्षी पगारच नव्हता. काका आणि खानावळीतले चौघेही एसटीने गावी गेले, ‘शिमगा करून येतो’ म्हणून. चौघांपैकी एकच परत आला.

कामगाराच्या गावी जाण्याने दोन गोष्टी एकदम झाल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. जो गेला त्याचं पोट गावात भागलं. मुंबईत त्याच्यावर खर्च नाही, गेटवर जाऊन कामावर रुजू व्हायचा मोह नाही. अडीच लाखांतले कितीतरी जण असे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे निघून गेले, आणि संप मोडणं मालकांना अवघड झालं ते त्यामुळेच. कामावर बोलवायचं कुणाला? माणसंच शहरात नव्हती. पण त्याच वेळी आईची खानावळ बसली. जो गेला तो वाचला, आणि त्याला जेवू घालणारी बाई अडचणीत आली. संपाच्या इतिहासात हा दुसरा भाग फारसा कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. खानावळवाली संपावर नव्हती. तिचं काम मात्र संपाने थांबलं, आणि तिच्यासाठी मागणीपत्रात एक ओळसुद्धा नव्हती.

मार्चमध्येच मुलीची दहावीची परीक्षा झाली. घरात तिच्यावर कसली जबाबदारी टाकायची नाही, असं ठरलं होतं. ते जूनपर्यंत टिकलं.

वाण्याची वही

संप चालवणाऱ्यांत मी वाण्याला धरतो. त्याचं गणित बघा. चाळीच्या खालचा वाणी चाळीस घरांना उधारीवर माल देतो. घरामागे अडीचशे धरले तर महिन्याला दहा हजार रुपये. एरवी दहा तारखेला ते परत येत आणि तो मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं फेडे. मार्चमध्ये दहा हजार अडकले, एप्रिलमध्ये वीस, मेमध्ये तीस. घाऊक व्यापारी त्याला तीन-चार महिन्यांपलीकडे थांबणार नाही. वाणी मनाने कितीही चांगला असला तरी त्याचा हात एवढाच लांब.

म्हणून वह्यांमध्ये एक ठरावीक क्रम दिसायचा. आधी साखर, चहा, तेल उधारीवर बंद आणि तांदूळ, पीठ चालू. मग ‘थोडे तरी आणून द्या, मग देतो’. मग नुसतं नाही. रेशन दुकानावर तांदूळ, गहू, साखर, पामतेल स्वस्त मिळे, पण तिथे रोकडा लागे, उधारी नाही. त्यामुळे शेवटी घरात तीसेक रुपये रोख आहेत की नाही, यावर रेशन उचललं जायचं की बुडायचं ते ठरे. कार्ड असून धान्य न उचललेल्या आठवड्यांची आठवण आयांना अजून असते.

रोकडा आणायचा म्हणजे घरातलं काहीतरी बाहेर न्यायचं. त्यालाही क्रम असतो. आधी घड्याळ, ट्रान्झिस्टर. मग तांब्या-पितळेची भांडी मोडीत. हंडा, कळशी, परात, लग्नात आलेली घंगाळं वजनावर गेली, त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची पातेली आणि प्लॅस्टिकची बादली आली. मग आईच्या कानातलं सराफाकडे गहाण. मंगळसूत्राच्या वाट्या शेवटी. गहाण आणि विक्री यातला फरक आई बरोबर ओळखून होती. भांडी विकली, कारण ती पुन्हा घेता येतील. सोनं गहाण टाकलं, कारण ते विकलं तर मुलीच्या लग्नात काय घालणार? पण गहाणावरचं व्याज दर महिन्याला चढतं आणि पगार सुरू झाल्याशिवाय फिटत नाही. वर्षभरात व्याज एवढं साचलं की सोडवण्यापेक्षा सोडून देणं बरं, असा दिवस आला. विकायचं नाही म्हणून जे गहाण टाकलं तेच शेवटी कमी भावात गेलं.

एक खर्च तर सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आला नव्हता. राज्य कामगार विमा योजनेत पगारातून हप्ता कापला जाई आणि त्यावर कुटुंबाला दवाखाना मिळे. पगार नाही म्हणजे हप्ता नाही, आणि हप्ता बंद झाला की काही काळाने हक्कही बंद. पावसाळ्यात धाकट्याला ताप आला तेव्हा विमा दवाखान्याचं कार्ड निरुपयोगी ठरलं. केईएमच्या रांगेत उभं राहून औषध झालं. परळमध्ये ते महापालिकेचं मोठं रुग्णालय चालण्याच्या अंतरावर होतं, हे त्या घराचं नशीब.

गावचा तांदूळ

मे महिन्यापर्यंत वाणी थकला तेव्हा गाव पुढे आलं. इतकी वर्षं दर महिन्याला दीडशे रुपये मुंबईहून गावी जात होते, आता एसटीच्या टपावरून गावचा तांदूळ, कुळीथ, नाचणी मुंबईला यायला लागली. डॉ. सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियननेही काही वेळा धान्य वाटलं. पण अडीच लाख कुटुंबांना पुरेल एवढं धान्य कुठल्याच संघटनेकडे नसतं. खरा आधार घरचा होता.

त्याला मर्यादा होती ती शेतीच्या वेळापत्रकाची. कोकणातलं भात वर्षातून एकदा येतं, दिवाळीच्या सुमारास. संप जानेवारीत सुरू झाला तेव्हा कणग्या भरलेल्या होत्या. म्हणून पहिले महिने निघाले. जून-जुलैत लावणी. गेलेले गडी शेतात कामाला आले, त्यामुळे गावालाही ते जड झाले नाहीत. पण श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या घरात धान्य तळाला गेलेलं असतं, आणि त्या वर्षी खाणारी तोंडं नेहमीपेक्षा जास्त. आजीने तेव्हा निरोप पाठवला की आता पिकल्यावरच पाठवते. तिचं चुकलं नाही. छोट्या भातशेतीवर दोन घरं एक वर्ष निघतात, दुसरं निघत नाही.

घाटावरच्या कामगाराचं थोडं वेगळं होतं. सातारा-सांगलीकडे पाणी असेल तर मजुरी मिळे, ऊसतोड असे. कोकणातल्या माणसाला गावात रोजगार जवळजवळ नव्हताच. एकाच संपात दोन शेजाऱ्यांची ताकद वेगळी का होती, ते यावरून कळतं.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर मुंबई पेटली. १८ ऑगस्टला मुंबई पोलिसांचं बंड झालं, पोलीसच रस्त्यावर आले, गिरणी कामगार त्यांना मिळाले, लष्कर बोलवावं लागलं. त्या दोन दिवसांत पुष्कळांना वाटलं की आता सरकार नमणार. झालं उलट. सरकारला हा पगाराचा प्रश्न न वाटता कायदा-सुव्यवस्थेचा वाटू लागला. त्याच्याही आधीपासून दिल्लीची अडचण होती. सामंतांशी बोलणी करणं म्हणजे मान्य संघटनेचा कायदा निकालात काढणं, आणि आज गिरण्यांत जे झालं ते उद्या बंदरात आणि बाकीच्या उद्योगांतही होणार.

मग मालक का नाही वाकले? कारण बंद गिरणीचा मालक आणि बंद पगाराचा कामगार यांचा तोटा सारखा नसतो. कित्येक गिरण्यांत जुनी यंत्रं, गोदामात न खपलेलं कापड. सुरुवातीचे महिने मालकाला माल खपवायला मिळाले, तेही पगार आणि वीज न भरता. पुढे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घ्यायचं आणि त्यावर आपला छाप मारायचा, ही वाट होतीच. ती संपाआधीपासून वापरात होती, संपाने ती रुंद केली. यंत्रमागावरच्या कामगाराला कायम नोकरी, फंड, विमा यातलं फारसं काही नव्हतं, म्हणून ते कापड स्वस्त पडे. बाबांना हे कळलं ते बाजारात. ओळखीच्या गिरणीचा शिक्का असलेलं कापड त्यांनी बोटांत धरलं, पोत बघितला आणि म्हणाले, “हे आमच्या साच्यावरचं नाही.” गिरणी बंद होती आणि तिचं कापड विकलं जात होतं.

घर बदललं

सप्टेंबरपासून आई दादरला दोन घरी धुणंभांडी करू लागली. चाळीत सांगितलं नव्हतं, पण चाळीत काही लपत नाही. खरं तर शेजारच्या दोघी तिच्या आधीपासून जात होत्या. मुलगी दहावी पास झाली होती, कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. ती एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला लागली. बाबांनी भायखळ्याहून भाजी आणून विकून पाहिली. पन्नाशीला आलेला साचेवाला, ओरडून भाजी विकताना त्याला लाज वाटायची ती भाजीची नव्हे, कुणी गिरणीतला दिसेल याची. मग त्यांनी रात्रीची वॉचमनची नोकरी धरली. संपानंतर असे कितीतरी कसबी विणकर मुंबईच्या इमारतींच्या दारात खुर्ची टाकून बसलेले दिसू लागले.

थोरल्याचं सगळ्यात वाईट झालं. कायम कामगाराला निदान परत घेतील अशी आशा होती, बदलीला काय? त्याचं नाव फक्त बदल्यांच्या यादीत. वीस वर्षांचा पोरगा दिवसभर नाक्यावर. गिरणगावातल्या कितीतरी पोरांना त्या वर्षांत टोळ्यांनी उचललं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावर चवीने बोललंही जातं. या घरातला तसा गेला नाही. तो नातेवाइकाबरोबर वडापावच्या गाडीवर उभा राहिला. पण आई रात्री तो येईपर्यंत जागी असायची, ते त्याच भीतीने.

१९८३ उजाडलं तसे एकेका गिरणीचे भोंगे पुन्हा वाजू लागले. आधी अर्धी पाळी, मग एक पाळी. वर्तमानपत्रांत नोटिसा: अमुक तारखेपर्यंत हजर व्हा, नाही तर नाव कमी. गेटवर कागदावर सही करून आत जायचं. जे आधी गेले त्यांना संपफोडे म्हटलं गेलं, मारामाऱ्या झाल्या. जे नंतर गेले ते रात्री उशिरा शेजाऱ्याला सांगून गेले, “उद्या जातोय रे.” शेजारी काही बोलला नाही, कारण त्याचीही वही भरलेली होती.

संप हरला तो इथे, एकेका खोलीत, एकेका रात्री. ज्याचं गाव देणारं होतं तो जास्त थांबला. ज्याची बायको कमावत होती तो थांबला. ज्याच्या घरी आजारपण आलं तो आधी गेला. निष्ठा कमी-जास्त होती म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. कणगी, वही आणि गहाणाचं सोनं प्रत्येकाचं वेगवेगळ्या महिन्यात संपलं.

बाबा पावसाळ्यानंतर कामावर परतले. तोवर त्यांची गिरणी उघडलीच नव्हती. १८ ऑक्टोबर १९८३ला केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, त्यांत ती होती. पुन्हा काम मिळालं तरी सगळ्यांना नाही. बाबांना मिळालं, पण वॉचमनची नोकरी सोडायला त्यांना आणखी सहा महिने धीर झाला नाही. काका परत आलाच नाही. थोरल्याचं बदलीचं नाव पुन्हा कधी पुकारलं गेलं नाही. सामंत मात्र १९८४ साली दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. संप हरलेल्या वस्तीने संपाच्या नेत्याला निवडून दिलं. बाबांनी मत दिलं होतं. आईनेही दिलं होतं, पण तिने कुणाला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, २००१मध्ये नियम आणखी बदलले, आणि बंद गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. त्याच नियमांतून गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायचं ठरलं. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो कामगार, किंवा तो नसेल तर त्याचे वारस. पुरावा द्यायचा होता: गिरणीचं तिकीट किंवा ओळखपत्र, हजेरीपास, पगारपावती, फंडाचा नंबर, विमा योजनेचं कार्ड, असं काहीतरी.

संपात या घरातून घड्याळ गेलं, हंडा-कळशी गेली, कानातलं गेलं. पलंगाखालची पत्र्याची पेटीही विकायला काढली होती, पण ती गंजलेली म्हणून कुणी घेतली नाही. आईने तिच्यात रेशनकार्ड, मुलीची दहावीची गुणपत्रिका, वाण्याची वही आणि पावसाळ्यात निरुपयोगी ठरलेलं विम्याचं ते कार्ड ठेवलं होतं. अर्जाला तेच कार्ड जोडलं.